वरच्या मजल्याचा करार

कंपनीत त्यांना सगळे ‘घरवाल्या मॅडम’ म्हणत. नवीन आलेली पोरं हे नाव ऐकून गालातल्या गालात हसायची, पण त्यात चेष्टा नव्हती. बदलून आलेल्या माणसाला कंपनी राहायला घर द्यायची. ते घर शोधायचं, मालकाला पत्र लिहायचं, अटी ठरवायच्या, करारावर सह्या घ्यायच्या आणि किल्ली हातावर ठेवायची, हे सगळं मॅडमच्या गळ्यात होतं. वीसेक वर्षांत त्यांनी किती संसार मांडून दिले याचा हिशेब त्यांनी ठेवला नव्हता. स्वतःचा मांडायचा मात्र राहून गेला. आधी वडिलांचं आजारपण आलं, मग आईचं, आणि आई गेली तेव्हा पन्नाशी उंबऱ्यात येऊन उभी होती. आता दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात त्या एकट्याच राहत. त्या घराच्या करारावर मात्र त्यांनी न वाचताच सही केली होती. दिवसभर तेच वाचून डोळे शिणलेले असायचे.

त्या वर्षी कारखान्यात एक वरिष्ठ इंजिनिअर बदलून येणार होते. बायको आणि दोन मुलं, असं अर्जात लिहिलं होतं. दलालाने एक दुमजली घर सुचवलं. मालक खाली राहतात, वरचा मजला द्यायचा आहे, माणूस सरळ आहे पण जरा तिरपागडा. ‘सरळ पण तिरपागडा’ म्हणजे नक्की काय, हे बघायला मॅडम एका दुपारी तिथे गेल्या.

मालक सत्तरी ओलांडलेले होते. आयुष्यभर चष्म्याचं दुकान चालवलेलं. दुकान विकून टाकलं तरी गल्लीत अजून सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. लग्न केलं नव्हतं. वर त्यांची थोरली बहीण राहायची. नवरा गेल्यावर आली ती तीस वर्षं वरच राहिली, आणि गेल्या हिवाळ्यात गेली. हे सगळं त्यांनी जिन्यापाशी उभ्या उभ्या, वीजमीटरची माहिती द्यावी तसं सांगून टाकलं.

“तुम्ही वर जाऊन बघा, मी इथेच थांबतो,” ते म्हणाले. “फक्त एक करा. जरा सगळ्या खोल्यांतून चाला.”

मॅडमना वाटलं, गुडघे दुखत असतील म्हणून वर येत नाहीत. त्या वर गेल्या. भिंतींवर तसबिरींच्या जागी चौकोनी उजेड राहिला होता. त्यांनी नळ सोडून पाहिले, पंखे लावून पाहिले, खिडक्यांच्या कड्या ओढल्या, कपाटाचं माप घेतलं. खाली आल्या तर चष्मेवाले त्यांच्या बैठकीच्या मधोमध मान वर करून उभे.

“कपाटापाशी दोनदा गेलात,” ते म्हणाले.

“माप चुकलं होतं पहिल्यांदा.”

“हो का! मला वाटलंच.” एवढं बोलून ते कारण नसताना खूपच खूश झाले. मॅडम चपला घालून निघाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र लिहिलं. ‘महोदय, आपल्या घराचा वरचा मजला आमच्या एका अधिकाऱ्याच्या निवासासाठी कंपनीच्या नावे भाड्याने घेण्याची आमची इच्छा आहे,’ अशी सुरुवात करून पुढे नेहमीच्या अटी. करार दोन वर्षांचा. पैकी पहिलं वर्ष दोन्ही पक्षांना मोडता येणार नाही, त्यानंतर दोन महिन्यांची लेखी सूचना. तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत, बिनव्याजी, घर सोडताना मोडतोड वजा करून परत. भाडं दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत कंपनीकडून थेट बँकेत, नियमाप्रमाणे कर कापून, आणि कापल्याचा दाखला वर्षअखेरीस. घरपट्टी मालकाची, वीज आणि पाणी राहणाऱ्याचं. किरकोळ दुरुस्ती कंपनीची, छत, भिंती, मुख्य नळ अशी मोठी दुरुस्ती मालकाची. राहणारा कर्मचारी बदलण्याचा हक्क कंपनीला, मालकाला लेखी कळवून. सोबत कराराचा मसुदा जोडला.

आठवड्याने मसुदा परत आला. बहुतेक मालक भाड्याच्या आकड्याला हात घालतात, नाहीतर अनामत वाढवून मागतात. चष्मेवाल्यांनी आकड्यांना बोटही लावलं नव्हतं. त्यांनी कलम अकरावर आडवी रेघ मारली होती. ‘राहणारा कर्मचारी व त्याचे कुटुंबीय इतरांना त्रास होईल असा आवाज करणार नाहीत,’ असं ते कलम. समोर त्यांनी बारीक, रेखीव अक्षरात लिहिलं होतं, ‘हे नको.’ आणि शेवटी एक नवी ओळ घातली होती, ‘जागा रिकामी ठेवता येणार नाही.’

कायदा विभागातल्या वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला. “आवाजाचं कलम काढतोय? हा मालक आहे की भाडेकरू? काढा, आपलं काय जातंय. पण ही शेवटची ओळ चालणार नाही. भाडं भरणं आपल्या हातात, माणूस घरात बसवून ठेवणं नाही. उद्या कोणी रजेवर गेला तर करारभंग व्हायचा.”

म्हणून मॅडमनी फोन लावला. गुरुवारची दुपार होती.

“काका, शेवटची ओळ घेता येत नाही. भाडं वेळेवर येईल, त्याची हमी आहे.”

“भाड्याचं नाही हो काही. दुकान विकलंय, मला पुरून उरतं.” ते म्हणाले. “ताई वर असताना मला घड्याळ लागत नव्हतं. सकाळी उठली की आधी पाट ओढायची. मग टाचा आपटत मोरीपर्यंत. भांडं पाडलं की स्वतःच ओरडायची, जसं काही मीच पाडलंय. तीस वर्षं मी तिच्यावर वैतागलो. आता छत इतकं गप्प असतं, की मीच कधीकधी काठीने टोचतो त्याला.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. असं बोलणं त्यांच्या फायलीत कुठे बसत नव्हतं.

“माणूस राहील ना?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

“राहील. दोन मुलं आहेत त्यांना.”

“मग झालं. तुमचा शब्द पुरे. कुठे सही करू सांगा.”

करार झाला. कंपनीचं अधिकारपत्र, मालकीचे कागद, घरातल्या पंख्या-दिव्यांची यादी, सगळं रीतसर जोडलं. अनामत जमा झाली. आणि इंजिनिअर आले ते एकटेच. मुलांची शाळा अर्ध्यात सोडवायची नाही असं घरी ठरलं होतं. बायको-मुलं तिकडेच राहणार होती. त्यात त्यांची नेमणूक शहरापासून लांब, नव्या कामाच्या जागी. तिथेच तंबूवजा खोलीत दहा-बारा दिवस काढायचे आणि मग दोन रात्रींसाठी यायचं. उंच, वाकलेले, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारे गृहस्थ. किल्ली घेताना त्यांनी तीनदा आभार मानले आणि पायपुसण्यावर बूट इतक्या हळू काढले, जसं काही कुणाचं बाळ झोपलंय.

पुढच्या महिन्यात एका गुरुवारी फोन आला.

“मॅडम, पैसे आले.”

“बरं झालं, काका.”

“पैसे आले, पण माणूस कुठंय?”

मॅडमनी समजावलं. दूरचं काम आहे, येतात मधून मधून. चष्मेवाले म्हणाले, “येतात ते मला गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडून कळतं. वर मांजर चाललं तरी जास्त आवाज होईल. अहो, हा माणूस चालतो की तरंगतो?”

मॅडम हसल्या. ऑफिसात त्या असं हसल्या म्हणून शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्ट बाईने मान वळवून पाहिलं.

तेव्हापासून गुरुवार लागला. कधी ते फोन करायचे, कधी ह्या. निमित्त घराचंच असायचं. वरच्या मोरीचा नळ ठिबकतोय, खिडकीची काच सैल झालीय. नळ कंपनीचा की मालकाचा यावर ते दोघं चांगले पाव-पाऊण तास वाद घालायचे आणि नळ बाजूलाच राहायचा. ते दुकानातल्या गमती सांगायचे. दिसत नाही हे कबूल न करणारे पुरुष, दिसत असून नवा चष्मा मागणाऱ्या बायका. एकदा मॅडमनी आईबद्दल सांगितलं. शेवटच्या दिवसांत ती त्यांना आपली धाकटी बहीण समजायची आणि शाळेतली भांडणं उकरून काढायची, आणि मॅडमही माफी मागून टाकायच्या, न केलेल्या गुन्ह्यांची. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला कुणी विचारायला हवं ना. घरी गेल्यावर दार उघडून दिवा लावेपर्यंत त्यांच्या लक्षात यायचं, की आज दिवसभरात कामाव्यतिरिक्त बोलणं झालं ते तेवढंच.

पावसाळा सरत आला तेव्हा एका गुरुवारी चष्मेवाल्यांचा आवाज उतरला होता.

“मॅडम, करार मोडू या. अनामत आजच्या आज परत करतो.”

“काय झालं काका?”

“काही झालं नाही, तेच तर. आधी वर कुणी नव्हतं. आता कुणीतरी आहे आणि तरी नाहीच. हे जास्त वाईट आहे. दर पाच तारखेला पैसे येतात आणि वाटतं, या शांततेचेच पैसे घेतोय मी. बंद राहू दे वरचं.”

“पहिलं वर्ष मोडता येत नाही. दोघांनाही.”

“तुम्हीच लिहिलंत ना ते?”

“मीच लिहिलं.”

“मग तुम्हीच बघा,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. रागाने नव्हे, दमल्यासारखा.

मॅडम करार काढून बसल्या. स्वतःच लिहिलेलं कलम सात त्यांनी पुन्हा वाचलं: राहणारा कर्मचारी बदलण्याचा हक्क कंपनीला. आणि त्यांना कारखान्याच्या प्रयोगशाळेतली एक बाई आठवली. ती दोन महिने कंपनीच्या विश्रामगृहात एका खोलीत अडकून पडली होती. नवरा, तीन मुलं, आणि कानाने अधू सासू. घर बघायला गेले की मुलं आधी जिन्याच्या कठड्यावरून घसरून दाखवायची, आणि सासूबाई मालकाच्या तोंडावर ओरडून विचारायच्या, “हा माणूस एवढा पुटपुटतो का?” चार मालकांनी हात जोडले होते.

मॅडम विश्रामगृहात गेल्या. बाई म्हणाली, “मॅडम, खरं सांगते, आमचा आवाज आहे. आधीच सांगून ठेवा मालकांना.”

“सांगते. तेच सांगणार आहे.”

पण काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. हिशेबनीस साहेबांनी तक्ता पुढे केला. इंजिनिअरच्या हुद्द्याला जेवढं भाडं मंजूर, तेवढं प्रयोगशाळेतल्या हुद्द्याला नाही. वरचा फरक एकतर तिच्या पगारातून कापा, नाहीतर मालकाकडून भाडं कमी करून आणा. पगारातून कापलं तर त्या घरात दूध कमी आलं असतं, हे मॅडमना दिसत होतं. म्हणजे चष्मेवाल्यांना पत्र लिहायचं: कर्मचारी बदलतोय, भाडं इतकं कमी करावं, बाकी अटी त्याच, आणि तशा पुरवणी करारावर सही द्यावी.

पत्र लिहून झालं एका दुपारी. ते पाठवायला मात्र त्यांना दहा दिवस लागले.

का लागले, ते त्यांनाही नीट माहीत होतं. मसुदा उघडायच्या, एखादा स्वल्पविराम हलवायच्या, बंद करायच्या. मधल्या गुरुवारी त्यांनीच फोन केला आणि घराचा विषय न काढता खूप वेळ बोलल्या. चष्मेवाले सांगत होते, म्हातारपणी जवळचं दिसत नाही त्याचं दुःख नसतं, लांबचं फार स्पष्ट दिसतं त्याचं असतं. मॅडम ऐकत होत्या आणि मनात म्हणत होत्या, अजून एक गुरुवार. फोन ठेवल्यावर त्यांना आपलीच लाज वाटली. विश्रामगृहात सहा माणसं एका खोलीत झोपतायत, आणि आपण स्वल्पविराम हलवतोय! त्याच संध्याकाळी, निघण्याआधी, त्यांनी पत्र पाठवून दिलं.

पत्र मिळताच फोन आला. “भाडं कमी? करा की! तीन मुलं आहेत असं लिहिलंत ना?”

“तीन. आणि सासूबाईंना ऐकू कमी येतं, त्यामुळे घरात सगळे मोठ्याने बोलतात.”

“वा!” चष्मेवाले म्हणाले. मग पुन्हा, “वा, वा.”

“पण तोंडी चालत नाही काका. पुरवणी करारावर सही लागेल.”

“दहा ठिकाणी करतो.”

इंजिनिअरना विश्रामगृहात एक खोली दिली. महिन्यात चार-सहा रात्रींसाठी ती पुरेशी होती. त्यांनी तीनदा आभार मानून होकार दिला. यादीप्रमाणे पंखे-दिवे मोजून घर ताब्यात घेतलं, आणि पुढच्या रविवारी प्रयोगशाळेतली बाई तिथे राहायला गेली. सामान चढताना मॅडम हजर होत्या. धाकटा मुलगा पितळी डबा पायरीपायरीने खाली सोडत होता, का ते देवाला ठाऊक. सासूबाई वरून विचारत होत्या की मालक कुठे आहेत, आणि मालक खालून ओरडून सांगत होते की इथेच आहे, इथेच. त्यांचा चेहरा असा झाला होता, की मॅडमनी नजर वळवून सामानाची यादी पुन्हा तपासली.

पुढचा गुरुवार रिकामा गेला. त्याच्या पुढचाही. नव्या घरात गडबड असणार, हे त्यांना समजत होतं. तिसऱ्या गुरुवारी त्यांनीच फोन लावला.

“काका, नळ कसा आहे?”

“कोण? हां, मॅडम! नळ? नळ तोडलाच धाकट्याने, मीच बसवला नवा. ए, त्या भिंगांना हात लावू नकोस, मी काढून देतो म्हणालो ना! मॅडम, ऐकूच येत नाही हो काही. मी नंतर करतो, हां?”

“करा, करा,” मॅडम म्हणाल्या. फोन ठेवल्यावरही त्यांचा हात थोडा वेळ त्यावरच राहिला. नंतरचा फोन आला नाही. तक्रारही आली नाही. दर पाच तारखेला भाडं जात राहिलं, आणि हिशेबनीस साहेब म्हणाले, “तुमची ती एक फाईल अशी आहे, की उघडावीच लागत नाही.”

थंडी पडू लागली तेव्हा एका संध्याकाळी इंजिनिअर ऑफिसात आले. बॅगेच्या तळाशी जिन्याच्या दाराची जादा किल्ली निघाली होती. ती परत करायला कामावरून थेट आले होते. बुटांना माती होती म्हणून दारातच उभे राहिले.

“आत या ना. विश्रामगृहात सगळं ठीक?”

“हो, हो. आभार.” किल्ली टेबलावर ठेवून ते घुटमळले. “मालक कसे आहेत?”

“मजेत. आता वर गलका असतो.”

“बापरे. त्रास होत असेल त्यांना.” त्यांनी मान हलवली. “मला फार भीती वाटायची, त्यांची झोप मोडेल म्हणून. म्हातारा माणूस, खाली एकटा. मी आल्या आल्या बूट हातात घ्यायचो. खुर्चीसुद्धा उचलून ठेवायचो.” मग पहिल्यांदाच ते मॅडमच्या खांद्याऐवजी चेहऱ्याकडे बघत म्हणाले, “संध्याकाळी ते रेडिओ लावायचे. बातम्या, नाहीतर जुनं काहीतरी. अधूनमधून खोकायचे. मी फरशीवर पडून ऐकायचो. मुलांशी फोन झाला की घर फार रिकामं वाटतं ना, तेव्हा तो आवाज बरा वाटायचा. दहा-बारा दिवस तिकडे काढताना तेच डोळ्यांपुढे असायचं, की आपण जाऊ तिथे खाली कुणीतरी आहे.”

मॅडमना वाटलं, सांगून टाकावं. तो म्हातारा छताकडे कान लावून बसला होता, तुम्ही एक खुर्ची सरकवली असतीत तरी त्याचा दिवस चांगला गेला असता. आवाजाचं कलम त्याने स्वतः खोडलं होतं आणि ते तुम्हाला कळवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. पण आता ते सांगून या माणसाच्या हाती काय पडणार होतं?

“मला आधी बोलला असतात तर,” एवढंच त्या म्हणाल्या.

“काय बोलणार? तक्रार थोडीच होती.” ते ओशाळून हसले. “आणि त्या मुलांना जागा हवी होती. तुम्ही योग्यच केलंत.”

“चहा घेता?”

त्यांनी घड्याळ पाहिलं. “घेतला असता. पण कामावर जाणारी शेवटची गाडी आहे. पुढच्या खेपेला नक्की.” आणि दार हळूच, जराही आवाज न होऊ देता, त्यांनी ओढून घेतलं.

पुढची खेप कधी ते दोघांनीही विचारलं नव्हतं. ऑफिस रिकामं झालं होतं. मॅडमनी किल्लीला चिठ्ठी बांधली, पावतीवर तारीख घातली. मग विश्रामगृहाच्या नोंदवहीत इंजिनिअरांच्या येण्याचे दिवस कुठे लिहिलेत ते शोधायला लागल्या. बराच वेळ शोधत होत्या. शिपाई दिवे मालवायला आला आणि म्हणाला, “मॅडम, अजून कुणाचं घर राहिलंय का?”

“नाही,” त्या म्हणाल्या, “तू तिकडचे मालव. मी पाच मिनिटांत निघते.”